चोपड्याच्या विहिरी आणि सेक्टर २६३३

चोपडा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक गेल्या उन्हाळ्यात जळगावला माझ्या दुकानात आले. आम्ही त्यांना आप्पाच म्हणतो. सोबत आलेल्या त्यांच्या पुतण्याने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली. आत साडेतीन इंची फ्लॉपी होत्या आणि लेबलांवर निळ्या शाईने लिहिलं होतं : ‘विहिरी, पाणीपातळी’. आप्पांनी नव्वदच्या दशकात आपल्या आणि शेजारच्या तीन गावांतल्या चाळीस विहिरींच्या पाण्याची खोली दर महिन्याला दोरी सोडून मोजली होती. ओळखीच्या एकाच्या संगणकावर बसून ते आकडे डीबेस नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये भरत. कागदावरच्या वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या, म्हणून आता जे काही होतं ते या डबीत.

पुतण्याने घरी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवून एक फ्लॉपी घालून पाहिली होती. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं, तेव्हा तो थांबला. हे त्याने फार चांगलं केलं. हा प्रश्न पडतो तो बहुधा सुरुवातीचे काही सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत म्हणून. बाकीची फ्लॉपी धडधाकट असू शकते, आणि ‘हो’ म्हटलं की ड्राइव्ह सगळ्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या वर्तुळांवर, नव्याने लिहीत सुटतो.

माझं पहिलं काम ठरलेलं. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली काळी खिटी सरकवून खिडकी उघडी करायची, म्हणजे तिच्यावर लिहिलं जाणार नाही. मग धातूचं झाकण बाजूला करून चकती हाताने हळूहळू फिरवत उजेडात बघायची. सात नंबरच्या फ्लॉपीवर एका जागी पांढुरका ठिपका होता. बुरशी. पत्र्याच्या घरात, लोखंडी ट्रंकेत ही डबी पडून होती. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंशांच्या आसपास पारा जातो, मग त्या ट्रंकेत काय होत असेल! आणि लगेच पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा. अशी फ्लॉपी तशीच घातली तर बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडा पाडते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो भाग पुसला, पूर्ण वाळू दिला, आणि त्या फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही साफ केलं.

फायली एकेक कॉपी करत बसायचं नाही, हा माझा नियम आहे. आधी फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढायची, आणि जे करायचं ते त्या प्रतिमेवर. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८० ट्रॅक, दर ट्रॅकवर १८ सेक्टर, म्हणजे एकूण २८८० सेक्टर असतात. प्रत्येकात ५१२ बाइट. लिनक्सवर ही आज्ञा द्यायची :

```
ddrescue -d -b512 -n /dev/sdb vihir7.img vihir7.map
ddrescue -d -b512 -r3 /dev/sdb vihir7.img vihir7.map
```

पहिली ओळ सहज वाचता येणारं आधी उचलते आणि अडलेल्या भागांना डिवचत नाही. दुसरी फक्त राहिलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करते. मॅप फाईलमध्ये काय मिळालं आणि काय नाही याची नोंद राहते. त्यामुळे मधेच ड्राइव्ह बदलला तरी काम तिथूनच पुढे चालतं. आणि ड्राइव्ह बदलावा लागतोच.

सात नंबरच्या मॅपमध्ये दोन जातीची भोकं दिसली. ४१२, ४४८, ४८४ हे सेक्टर गेले होते. या आकड्यांत ३६ चा फरक आहे, आणि दोन बाजू गुणिले १८ सेक्टर म्हणजे ३६. याचा अर्थ एकाच बाजूच्या लागोपाठच्या तीन ट्रॅकवर, चकतीच्या नेमक्या त्याच कोनात अडचण होती. असा नमुना दिसला की कारण पृष्ठभागावर असतं. पुसूनही बुरशीचा थोडा अंश तिथे राहिला होता. पुन्हा नीट पुसल्यावर तिन्ही सेक्टर आले.

दुसरी भोकं मात्र २१६० च्या पुढे, म्हणजे चकतीच्या मध्याकडच्या ट्रॅकवर, विखुरलेली होती. त्यांच्यात कुठलंही अंतर जुळत नव्हतं. एका फेरीत न आलेला सेक्टर पुढच्या फेरीत यायचा. चकतीवर तिथे डाग नाही, ओरखडा नाही. हे चुंबकत्व क्षीण झाल्याचं लक्षण.

आप्पांनी सरळ विचारलं, “इतकी वर्षं कुणी हात नाही लावला, मग पुसलं कसं गेलं?” मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. चकती पातळ पॉलिएस्टरची असते आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण चिकटद्रव्यात बसवलेले असतात. लिहिताना हेड या कणांच्या चुंबकत्वाची दिशा एका बाजूला, मग उलट बाजूला असे पट्टे पाडत जातं. जिथे दिशा उलटते तिथे दोन सारखे ध्रुव समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलत राहतात. म्हणजे शेजारचा पट्टाच पट्ट्याला कमजोर करत असतो. त्यात उष्णतेची भर पडली की ज्या कणांची पकड मुळात ढिली, ते एकेक करून उलटतात. सगळा पट्टा एकदम पुसला जात नाही, पण त्यातून हेडमध्ये उठणारा विजेचा स्पंद दरवर्षी थोडा थोडा बुटका होत जातो.

मध्याकडचे ट्रॅकच आधी का जातात, याचंही कारण साधं आहे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि बाहेरच्या मोठ्या घेरावर जेवढे बिट, तेवढेच आतल्या लहान घेरावर कोंबलेले असतात. सर्वांत आतल्या ट्रॅकवर सर्वांत आखूड पट्टा जेमतेम दीड मायक्रॉन भरतो. पट्टा जितका आखूड तितकी शेजाऱ्याची ढकलाढकल जास्त. शिवाय हेड आणि चकती यांच्यात बारीकशी धूळ आली तरी एवढ्या आखूड पट्ट्याचा स्पंद फार वेगाने घटतो.

आता स्पंद बुटका झाला म्हणून लगेच चूक का व्हावी? कारण माहिती स्पंदाच्या उंचीत नसते, दोन स्पंदांमधल्या वेळेत असते. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत हे अंतर २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असू शकतं, मधलं काही नाही. स्पंद आपल्या जागेवरून अर्धा मायक्रोसेकंद सरकला की दोनाचं अंतर तीन वाटू लागतं. स्पंद इतका खाली गेला की मोजलाच गेला नाही, तर १ च्या जागी ० वाचला जातो. ड्राइव्ह सिग्नल वाढवून बघतो, तेव्हा त्याबरोबर गोंगाटही वाढतो आणि नसलेले स्पंद उगवतात.

प्रत्येक सेक्टरच्या शेवटी सीआरसी नावाची दोन बाइटची तपासणी-बेरीज लिहिलेली असते. वाचलेल्या ५१२ बाइटांवरून ती पुन्हा काढायची आणि जुळते का पाहायचं. ती चूक पकडते, दुरुस्त करत नाही. एक बिट चुकला तरी यूएसबी ड्राइव्ह सगळा सेक्टर नाकारतो आणि संगणकाला फक्त ‘वाचता आलं नाही’ एवढंच कळवतो. चुकीचे का होईना, पण ते बाइट दाखव, असं त्याला सांगायची सोयच नसते. या ड्राइव्हची सर्वांत मोठी मर्यादा हीच.

माझ्याकडे दोन वेगळे यूएसबी ड्राइव्ह आहेत. एकाचं हेड ट्रॅकच्या मध्यावर बसतं तर दुसऱ्याचं केसभर बाजूला, आणि आप्पांचे आकडे लिहिणारा मूळ ड्राइव्ह कसा बसत होता ते कोण सांगणार? म्हणून तीच मॅप फाईल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम चालू ठेवलं. एकेक करत सेक्टर येत गेले. शेवटी एकच राहिला : २६३३. त्र्याहत्तरावा ट्रॅक, सहावा सेक्टर.

तो कुठल्या फाईलचा, हे आधी शोधलं. १९९५ च्या डिसेंबरपासूनची पाणीपातळीची फाईल सेक्टर २५९० पासून सलग लिहिलेली होती, म्हणजे गेलेला तुकडा तिच्यातला ४४ वा. डीबेसच्या फाईलचा मोठा गुण असा की प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची असते. आप्पांची नोंद ३२ बाइटची होती : खोडल्याची खूण १, गाव ४, विहीर ४, तारीख ८, खोली ५, शेरा १०. फाईलच्या डोक्यावरचा भाग १९३ बाइटचा. हिशेब मांडला तर ६८३ ते ६९८ या सोळा नोंदी त्या सेक्टरमध्ये बसत होत्या. ६८२ व्या नोंदीच्या शेऱ्याचं तेवढं शेवटचं अक्षर गेलं होतं. दर महिन्याला चाळीस नोंदी, म्हणजे हा अठरावा महिना : मे १९९७, विहीर क्रमांक ३ ते १८.

आप्पांचा चेहरा उतरला. मेमध्ये पाणी सर्वांत खाली असतं, वर्षातली तीच नोंद सर्वांत महत्त्वाची. “आते काय करशी भाऊ?” त्यांनी विचारलं.

यूएसबीने जमत नसेल तर एक रस्ता उरतो. जुन्या पीसीतला आतला फ्लॉपी ड्राइव्ह घ्यायचा आणि तो ग्रीजवीझल नावाच्या छोट्या बोर्डाला जोडायचा. हे बोर्ड सीआरसीच्या भानगडीत न पडता स्पंदांच्या वेळाच नोंदवतं, तेही अनेक फेऱ्यांच्या. बाहेरच्या ट्रॅकच्या आलेखात २, ३, ४ मायक्रोसेकंदांवर तीन सुटे उंचवटे दिसत होते. त्र्याहत्तराव्या ट्रॅकवर ते पसरून एकमेकांत मिसळले होते. कुठल्याच फेरीत सीआरसी जुळली नाही, पण ५१२ बाइट मात्र डोळ्यांसमोर आले, आणि त्यांतले बहुतेक प्रत्येक फेरीत सारखेच होते.

इथे मी फार जपून राहतो. अकराव्या विहिरीची खोली एका फेरीत 19.40 मीटर येत होती, तर दुसऱ्या फेरीत 11.40. संगणकाच्या लेखी 9 आणि 1 या अंकांत फक्त एका बिटचा फरक आहे, 9 मधला एक स्पंद हरवला की 1 उरतो. क्षीण चकतीवर स्पंद हरवण्याची शक्यता जास्त, म्हणून 19.40 खरं असावं असं मला वाटतं. पण सीआरसी जुळली नाही तोवर ते वाटणंच.

पुतण्या म्हणाला, “आप्पा, एप्रिल आणि जूनची सरासरी टाकून देऊ, काय फरक पडतो?” आप्पा जरा जोरातच बोलले : “मी दोरी सोडून मोजलंय. अंदाज नको घालू त्यात.”

मग फाईलमध्ये एक नवा रकाना केला. सोळा नोंदींपुढे ‘सीआरसी जुळत नाही’ असं लिहिलं. जिथे फेरीगणिक आकडा बदलत होता तिथे दोन्ही आकडे ठेवले. बाकी सगळ्या नोंदी प्रतिमेतून जशाच्या तशा. आप्पांना प्रतिमा, मॅप आणि उघडता येणारी फाईल अशा तिन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर दिल्या. फ्लॉपी त्यांनी परत मागितल्या, पण पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवणार नाही असं मी पुतण्याकडून कबूल करून घेतलं. मेमधल्या त्या सोळा विहिरींपैकी ज्यांचे मालक अजून आहेत, त्यांना त्या वर्षीचं पाणी आठवतंय का, हे विचारायला आप्पा स्वतः फिरणार आहेत. ते जे सांगतील त्यासाठी मी फाईलमध्ये आणखी एक रकाना ठेवला आहे.