आमची वाटचाल : चढावर थांबलेली गाडी आणि आमचे मोटार ड्रायव्हिंग स्कूल

चोपड्यात आमचे मोटार ड्रायव्हिंग स्कूल सुरू होण्यापूर्वी मी जळगावात दुसऱ्यांच्या स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून काम करत होतो. तिथे नोकरी मिळाली ती केवळ गाडी चांगली चालवतो म्हणून नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम २४ नुसार प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण असावा लागतो, त्याला वाहन चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि त्याशिवाय मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र किंवा त्याहून वरचे यांत्रिकी शिक्षणही लागते. माझे आयटीआय झालेले होते आणि मधली वर्षे केळीच्या गाड्यांवर गेली होती, त्यामुळे कागद पूर्ण झाले. गावाकडे पुष्कळ तरुण विचारतात की लायसन्स आहे, गाडी आहे, मग शिकवायला काय हरकत आहे. हरकत ही आहे की परिवहन कार्यालयाच्या परवान्यावाचून मोबदला घेऊन शिकवता येत नाही, आणि तो परवाना पाच वर्षांसाठी असतो, पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते.

परवान्यासाठी जागा, वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते, हत्यारांचा संच, प्रथमोपचार पेटी, प्रशिक्षणार्थींची नोंदवही अशी बरीच तयारी लागते, परंतु सर्वात जास्त विचार गाडीचा करावा लागला. गाडी स्कूलच्या मालकीची, विमा उतरवलेली आणि दुहेरी नियंत्रणाची असली पाहिजे, म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच हवेत. ही गाडी प्रशिक्षणासाठी वापरली जाणार आहे, हे विमा काढतानाच कंपनीला स्पष्ट लिहून द्यावे, असे मी नव्याने स्कूल काढणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आमच्या गाडीत प्रशिक्षकाचे पेडल दांड्याने चालकाच्या पेडलला जोडलेले आहे. त्यामुळे मी ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचे पेडलही आपोआप खाली जाते, आणि ही गोष्ट शिकणाऱ्याच्या लक्षात येते. या एका गोष्टीवर आमच्या शिकवण्याची बरीचशी पद्धत उभी आहे.

शिकणाऱ्याची भीती बहुतेक वेगाची असते असे लोक समजतात. माझ्या पाहण्यात ती गाडी बंद पडण्याची आणि मागे कोणीतरी हॉर्न वाजवण्याची असते. लहानपणापासून ट्रॅक्टर चालवलेल्या मुलाला ती नसते, मात्र तो हाताच्या थ्रॉटलची आणि क्लचवर पाय ठेवून बसण्याची सवय घेऊन येतो, आणि ती मोडण्यात आठवडा जातो. भीती खरी दिसते ती अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचे ट्रक आणि कापसाच्या ट्रॉल्या पाहतच वाढलेल्या, पण स्वतः कधी स्टिअरिंग न धरलेल्या माणसांत.

आरोग्य खात्यात नोकरीला असलेल्या एक ताई आमच्याकडे आल्या. वय चाळीसच्या पुढे असल्याने शिकाऊ लायसन्ससाठी त्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडावे लागले होते. सपाट रस्त्यावर त्या गाडी नीट चालवत. परंतु चढावर थांबावे लागले आणि मागून ट्रॉलीचा हॉर्न वाजला की त्या आरशात पाहत, क्लच एकदम सोडत, इंजिन बंद पडे आणि गाडी मागे घसरू लागे. मग मला ब्रेक दाबावा लागे. “भाऊ, तुम्ही ब्रेक दाबला ना?” असे त्या दर वेळी विचारत, आणि माझा पाय त्यांच्यासाठी जितका उपयोगी पडे तितका त्यांचा स्वतःच्या पायावरचा विश्वास कमी होई.

म्हणून मी त्यांना मुख्य रस्त्यावरून काढून हतनूरच्या पाटाच्या भरावावर चढणाऱ्या कच्च्या वाटेवर नेले, जिथे सकाळी फारसे कोणी नसते. आधी खाली सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता केवळ क्लच हळूहळू सोडून गाडी सरकवायला सांगितली. क्लच धरू लागतो त्या जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे वाटते, ती जागा त्यांच्या पायाला ओळखीची होईपर्यंत चढ चढायचाच नव्हता. मग चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढला आणि त्यांच्या दाराच्या समोर रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवली. पहिल्या गिअरमध्ये क्लच त्या जागेपर्यंत सोडायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, आवाज जड झाला की पाय स्थिर ठेवून हँडब्रेक खाली करायचा, आणि आरशाऐवजी विटेकडे पाहायचे. वीट पुढे सरकताना दिसली तर गाडी मागे जाते आहे, म्हणजे क्लच अजून थोडा सोडायला हवा. वीट दारासमोरच राहिली तर गाडी तोललेली आहे आणि घाई करण्याचे काही कारण नाही. मी त्यांना सांगितले, “ताई, माझा पाय पेडलवर आहे, पण मी दाबला तर तुमचे पेडल खाली जाईल आणि तुम्हाला कळेल.” सुरुवातीला गाडी वीतभर मागे जाई. नंतर एका सकाळी त्यांनी हँडब्रेक सोडला, गाडी जागची हलली नाही, आणि त्यांच्या पायाखालचे पेडलही हलले नव्हते. पुढे मुख्य रस्त्यावर हॉर्न वाजले, पण त्यांची नजर समोरच राहिली.

हा सराव केवळ भीती घालवण्यासाठी नाही. चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता पुन्हा निघणे हे कायम लायसन्सच्या चाचणीतील एक अंगच आहे. हलक्या खासगी वाहनासाठी नियमांत किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा तास. हे प्रमाण मला योग्य वाटते, कारण नवशिक्याचा डावा पाय अर्ध्या तासानंतर थकतो आणि थकलेला पाय क्लच एकदम सोडतो. चार दिवसांत दहा तास उरकून द्या म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नकार देतो, आणि प्रत्येकाचे तास नोंदवहीत लिहिले जातात.

तारखांचाही हिशेब करावा लागतो. शिकाऊ लायसन्स हातात असल्याशिवाय आम्ही कोणालाही चालकाच्या जागेवर बसवत नाही. ते सहा महिने चालते आणि कायम लायसन्सची चाचणी ते मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते. पहिल्याच दिवसापासून वर्ग धरला तर एकवीस दिवस संपून चाचणीपर्यंत सराव तुटतो, म्हणून आम्ही आठवडाभराने सुरुवात करतो आणि तोवर चिन्हे व नियम शिकवतो.

या पद्धतीचा भार शेवटी क्लच प्लेटवर येतो. क्लच पूर्वीपेक्षा फार वर येऊन धरू लागला, चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढेना किंवा जळका वास आला, की प्लेट घसरू लागली असे समजावे. शंका आली तर मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक घट्ट ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून पाहतो. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट ठीक आहे, ते चालूच राहिले तर गाडी गॅरेजला जाते आणि त्या दिवशीचे प्रशिक्षणार्थी दुसऱ्या वेळेला बोलावले जातात. घसरत्या क्लचवर धरण्याची जागा रोज बदलते आणि शिकणारा दोष स्वतःच्या पायाला देतो, त्यामुळे उन्हाळ्यात, सुट्ट्यांची गर्दी असतानाही, ही तपासणी आम्ही पुढे ढकलत नाही.