घुमोओनि, घुमोशनि

कोलकात्यात चार वर्षे राहिल्यावर माणसाला आपल्याला बंगाली येते असा भ्रम होतो, आणि त्याच भ्रमात मी किशोरांसाठी एक बंगाली गोष्ट लिहून बसले. पुरुलियातल्या खेड्यातला नववीचा मुलगा शहरातल्या वसतिगृहात येतो आणि त्याची पहिली रात्र कशी जाते, एवढाच तिचा विषय होता. माझ्या बंगाली मैत्रिणीने वही वाचली आणि म्हणाली, व्याकरणात चूक नाही, पण ही दोन मुले एकमेकांशी बोलत नसून एकमेकांना अर्ज करत आहेत.

मी दोघांनाही रात्रभर ‘तुमि’ म्हणायला लावले होते. बंगालीत समोरच्याला संबोधण्याच्या तीन पायऱ्या आहेत: मान देणारे ‘आपनि’, मधले ‘तुमि’ आणि अगदी जवळचे ‘तुइ’. वसतिगृहात वरच्या वर्गातला मुलगा धाकट्याला पहिल्याच वाक्यात ‘तुइ’ म्हणतो, तर धाकटा त्याच्या नावाला ‘दा’ जोडून त्याला ‘तुमि’ म्हणत राहतो. तिथे प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो एका वयाच्या दोन अनोळखी मुलांचा. ट्रंका ठेवताना जे ‘तुमि’ असते ते केव्हा तरी गळून पडते, आणि मैत्रिणीच्या मते माझ्या गोष्टीत खरी घटना तेवढी एकच होती, जी मी लिहायचीच विसरले होते.

मग ती घटना कुठे घडवायची, यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. जेवणाच्या पंगतीत नाही, कारण तिथे पुरुलियाचा मुलगा ‘खाबो नाई’ म्हणतो आणि सगळे हसतात. शहरात ‘खाबो ना’ म्हणतात. त्याच्या गावाकडे नकारासाठी ‘नाई’ वापरतात. माझ्या मराठी कानाला ते ‘नाही’ इतके घरचे वाटले की त्यात हसण्यासारखे काय आहे, हे मला समजावून सांगावे लागले. त्या हसण्यानंतर मुलगा गप्प होतो, आणि गप्प झालेल्या मुलाला लगेच कोणी ‘तुइ’ म्हटले तर ते सलगीचे न वाटता हिणवल्यासारखे वाटेल.

शेवटी मच्छरदाणीने मार्ग काढला. दिवे गेल्यावर शेजारच्या खाटेवरून आधी प्रश्न येतो, ‘घुमोओनि?’ म्हणजे झोपला नाहीस? उत्तर येत नाही, डास मात्र येतात, कारण नव्या मुलाने मच्छरदाणीचे चारही कोपरे बांधले असले तरी तिची कड गादीखाली खोचलेली नाही. शेजारचा उठतो, अंधारातच पायथ्याची कड खोचू लागतो आणि म्हणतो, ‘मशारिटा गुँजे दे, ओदिकटा तुइ दॅख.’ मच्छरदाणी खोचून घे, तिकडची बाजू तू बघ. हात कामात गुंतलेले असताना ‘तुइ’ येऊन गेलेले असते. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा येतो, पण आता तो ‘घुमोशनि?’ असा असतो. ‘ओ’च्या जागी ‘श’ आला, एवढेच घडले.

हाच प्रसंग मी मराठीत करून पाहिला आणि हात टेकले. दोन्ही वेळा ‘झोपला नाहीस?’ हेच येते. पहिल्यांदा ‘तुम्ही’ घातले तर चौदा वर्षांची मुले भागीदारीत दुकान काढणार असल्यासारखी वाटतात. दुसऱ्या वेळी ‘झोपला नाहीस का रे?’ असे केले, तेव्हा त्या ‘रे’ने थोडेफार काम केले, पण ‘श’ची बरोबरी त्याला साधली नाही.

रडण्याच्या संवादावरही तिने काट मारली होती. माझा मुलगा ‘आमि कांदछि ना’, म्हणजे मी रडत नाही, असे शुद्ध विधान करत होता. तिने लिहिले, ‘धुर, कांदबो कॅनो!’ छे, मी कशाला रडू! आणि त्याखाली शेजाऱ्याच्या तोंडी ‘मन कॅमन कोरछे?’ एवढेच. घरच्या आठवणीने जीव कसातरी होणे त्या तीन शब्दांत येते, आणि त्यात आई, घर, आठवण यांतले काहीच उच्चारावे लागत नाही. ‘शुभ रात्री’ तर तिने गिरवून गिरवून खोडले. मुले असे म्हणत नाहीत, ‘घुमो एबार’, झोप आता, म्हणतात आणि कूस बदलतात.

वही परत आली तेव्हा शेवटच्या पानावर तिने लिहिले होते, ‘आबार लेख’. पुन्हा लिही. आता, बंगालीत ‘तुमि’ला सांगायचे ‘लेखो’ जुन्या वळणाने ‘लेख’ असेही लिहितात आणि ‘तुइ’ला सांगायचे ‘लेख्’ही तसेच लिहितात. गेली चार वर्षे आम्ही दोघी ‘तुमि’वर आहोत. तिने ते कुठल्या उच्चाराने लिहिले, हे मी तिला अजून विचारलेले नाही.