"ताई, काय बोलू?"

शुक्रवारी रात्री दहा वीसला मावसबहिणीचा स्क्रीनशॉट आला, खाली दोनच शब्द: काय बोलू?

ती सातपूरला राहते आणि कंपनीत शिफ्टमध्ये काम करते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात होत्या. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष माणसाला थांबू देत नव्हते, त्यामुळे रात्रीचा सगळा भार दोन सुनांवर. स्क्रीनशॉटमध्ये मोठ्या जावेचा मेसेज होता, "राहू दे. मी आहेच." त्यावर हिचं, "माझी शिफ्ट असते हे माहितीये ना तुम्हाला." आणि शेवटी जावेचं, "शिफ्ट सगळ्यांनाच असते. तुमचं चालू द्या."

मागे एकदा असाच स्क्रीनशॉट आला तेव्हा मी पाच मिनिटांत झकास उत्तर लिहून दिलं होतं. हिने ते जसंच्या तसं चिकटवलं आणि समोरून आलं, "हे कोणी लिहून दिलं?" 'गैरसमज दूर व्हावा' असलं काही माझी बहीण जन्मात लिहिणार नाही. म्हणून या वेळी आधी वरचा भाग मागितला.

स्क्रीनशॉट नेहमी पाठवणाऱ्याला बोचलेल्या ओळीपासून सुरू होतो. वर सरकवल्यावर दिसलं, की दुपारी चारला जावेने विचारलं होतं, "शनिवारी रात्री कोण थांबणार?" हिने लिहिलं, "बघते." मग पावणेनऊला जावेचे दोन मिस्ड कॉल. म्हणजे राग शिफ्टचा नव्हताच. 'बघते' म्हणून गप्प बसल्याचा होता.

दुसरी गोष्ट मला 'तुमचं' या शब्दाने सांगितली. मोठी जाऊ हिला कायम 'तू' म्हणते. वरचे सगळे मेसेज 'आलीस का', 'जेवलीस का' असे. आपल्याकडे 'तू'वरून 'तुम्ही'वर गेलेलं माणूस मान देत नसतं, ते लांब सरकलेलं असतं. त्यामुळे हिने चिडून 'ठीक आहे.' असं पूर्णविराम देऊन लिहिलं असतं, तर दार तिथेच लागलं असतं.

मी फोन करून एवढंच विचारलं, "तुला काय हवंय? शनिवारचं मिटवायचंय, की तुझी चूक नाही हे पटवायचंय?" ती जरा गप्प राहिली. म्हणाली, "दोन्ही." म्हटलं, एका मेसेजमध्ये दोन्ही मावत नाही.

तिचा पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. त्यात हॉस्पिटलचं डिपॉझिट कोणी भरलं तेही आलं होतं. ती ओळ खरी होती, पण ती पडली असती तर उत्तरात दिवाळीच्या साड्यांपर्यंतचा हिशोब आला असता. काढली. दुसऱ्या मसुद्यात होतं, "सॉरी वहिनी, पण मला खरंच..." त्या 'पण'ने आधीचं सॉरी पुसलं जातं. तेही काढलं. शेवटी "काहीही लागलं तर सांगा" होतं. त्यावर ती अडून बसली, चांगलं वाटतं म्हणाली. पण ते 'बघते'चंच दुसरं रूप होतं. ज्या बाईने तीन रात्री काढल्यात तिला वार आणि वेळ हवी असते.

मग ती नेमकं काय करू शकते ते काढलं. शनिवारी तिची दुसरी शिफ्ट, घरी यायला बारा वाजणार, म्हणजे शनिवारची रात्र जमणार नाही हे उघड होतं. रविवारी सुट्टी, आणि सोमवारची रजा टाकता येत होती. रजा आधी सुपरवायझरला मेसेज करून पक्की करायला लावली, मगच वाक्य लिहिलं. शेवटी तिच्याच भाषेत असं झालं:

"वहिनी, बघते म्हणून मी उत्तरच दिलं नाही, चुकलंच माझं. कॉलही बघितले नाहीत. तीन रात्री तुम्हीच होतात. शनिवारी सुटायलाच साडेअकरा होतात, ती रात्र मला नाही जमणार. रविवारी सकाळी आठला येते ते मंगळवार सकाळपर्यंत मीच थांबते, सोमवारची रजा टाकलीये. तुम्ही घरी जाऊन झोपा."

'नाही जमणार' हे तिला लिहवत नव्हतं. पण ते गाळलं असतं, तर जाऊ शनिवारी रात्री पुन्हा वाट बघत बसली असती.

शिव्या किंवा धमकी असती तर मी मसुदा केलाच नसता. तिथे घरातल्या मोठ्या माणसाने फोन उचलायचा असतो. आणि तो स्क्रीनशॉट मी लगेच डिलीट केला. त्यात जावेचं बोलणं होतं, ते मावशीच्या स्वयंपाकघरात पोहोचायला नको.

पावणेअकराला मेसेज गेला. निळ्या टिक्स लगेच आल्या, उत्तर वीस मिनिटांनी: "बरं. येताना आईंचा चष्मा आण, तुझ्याकडेच राहिलाय."

बहिणीने त्याचाही स्क्रीनशॉट पाठवला. विचारलं, "रागावलीय का अजून?" मी लिहिलं, "आण म्हणालीय ना. चष्मा शोध."