रक्तपेढी कुठेय हो?

मामांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. संध्याकाळी सिस्टरांनी माझ्या हातात एक फॉर्म आणि जांभळ्या बुचाची एक ट्यूब ठेवली. "दोन पिशव्या लागतील. रक्तपेढीत देऊन या." कुठं आहे, असं विचारेपर्यंत त्या दुसऱ्या पलंगाकडे वळल्या होत्या.

सरकारी दवाखान्याच्या आवारात रस्ता विचारायचा तर प्रश्न नीट विचारावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फाटकावरच्या वॉचमनला मी घाईत विचारलं, "ब्लड कुठे?" त्यानं तितक्याच घाईत सांगितलं, "सरळ, मग डावीकडे, पंधरा नंबर." पंधरा नंबरसमोर रांग होती. वीस मिनिटांनी माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीनं फॉर्म बघितला आणि ट्यूब परत केली. "हे क्रॉसमॅचचं आहे, पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवायचं. इथं रक्त तपासतात, देत नाहीत." वॉचमनचं काही चुकलं नव्हतं. दिवसभर त्याला ‘ब्लड कुठे’ विचारणाऱ्यांतले बहुतेक तपासणीचेच असणार.

मग पाट्यांचा माग. एका बाणावर ‘रक्तपेढी’ लिहिलं होतं. पुढच्या वळणावर ‘रक्तसंक्रमण विभाग’. मला वाटलं, हा संसर्गाचा काही वेगळा वॉर्ड असेल. म्हणून मी उलटा फिरलो. जुन्या इमारतीच्या दारावर नवीकोरी पाटी होती, ‘रक्तकेंद्र’. तिन्ही नावं एकाच जागेची. 2020 मध्ये औषधांच्या नियमांत बदल झाला आणि रक्तपेढीचं कागदोपत्री रक्तकेंद्र झालं. जुन्या पाट्या मात्र कुणी उतरवल्या नाहीत. जमिनीवर एक लाल पट्टाही रंगवलेला होता. तो विश्वासानं मला लिफ्टपर्यंत घेऊन गेला आणि तिथं नव्या फरशीखाली गडप झाला.

शेवटी मी पाट्यांचा नाद सोडला. हातात बर्फाचा डबा घेतलेले एक मामा (वॉर्डबॉय हो, माझे मामा पलंगावर होते) झपाझप चालले होते, त्यांच्या मागोमाग निघालो. आत शिरलो तर आडव्या खुर्च्या, बिस्किटं आणि रक्तदाते. "पिशवी द्यायची की न्यायची?" तिथल्या बाईंनी विचारलं. न्यायची असेल तर खिडकी इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. रात्री पुढचं दार बंद असतं, तेव्हाही तीच खिडकी चालू.

खिडकीतल्या तंत्रज्ञानं ट्यूब उजेडात धरली. लेबलवर मामांचं नाव आणि पलंगाचा नंबर होता. फॉर्मवरचा नोंदणी क्रमांक नव्हता. "मी लिहितो ना," म्हणत मी पेन काढलं. तो हसला नाही. "इथं लिहिलेलं चालत नाही. पलंगाशी उभं राहून, रुग्णाला नाव विचारून लिहायचं असतं. नवीन सॅम्पल आणा." मनातल्या मनात मी त्याला चार शब्द ऐकवले. परतताना लक्षात आलं, वॉर्डात मामांच्याच नावाचे आणखी एक आजोबा होते. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस जाऊ शकतो, आणि अशी चूक बहुतेकदा मशीनपेक्षा चिठ्ठीत होते. चार शब्द परत घेतले.

दुसऱ्या फेरीला सहा मिनिटं लागली. पहिलीला तासभर लागला होता.

सॅम्पल घेऊन तंत्रज्ञ म्हणाला, जुळवायला तासभर लागेल, रक्त उद्या ऑपरेशनच्या वेळी न्या. आणि मग म्हणाला, "येण्याचा रस्ता पाहिलात ना? आता जाण्याचाही बघून ठेवा." तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजमध्ये दोन ते सहा अंशांत असते. एकदा बाहेर पडली आणि अर्धा तास होऊन गेला, तर ती वापरली नाही तरी परत घेत नाहीत. मी जिन्याखाली उभा राहून मोबाइलवर घड्याळ लावलं आणि वॉर्डापर्यंत चालून आलो. लिफ्टची वाट बघत बसलो तर अकरा मिनिटं, रॅम्पनं सात. त्यातही औषधांच्या खिडकीची रांग टाळायला बाहेरच्या कडेनं यायचं.

सकाळी ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला. खिडकीतल्या माणसानं पिशवीवरचा नंबर, गट आणि मुदत मोठ्यानं वाचली, मी फॉर्मशी ताडून ‘हो’ म्हणालो, रजिस्टरात सही केली. डबा छातीशी धरून रॅम्पकडे निघालो, तोच एक मुलगा समोर आला. हातात फॉर्म, जांभळ्या बुचाची ट्यूब, कपाळावर घाम.

"काका, ब्लड कुठे?"

"तपासायचंय की पिशवी हवीय?" मी चालता चालता विचारलं. आणि मग, न राहवून, "ट्यूबवर नोंदणी क्रमांक आहे का बघ आधी."

त्यानं ट्यूब उजेडात धरली, आणि तिथूनच वळून वॉर्डाच्या दिशेनं पळत सुटला.