ग्रॅम कशाचे?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात रसायनशास्त्राच्या सरांचा एक दंडक होता. गणितातला कुठलाही आकडा एकटा लिहायचा नाही. आकड्याशेजारी एकक आणि एककाशेजारी पदार्थाचं नाव. नुसतं ‘१०००’ लिहिलं की सर त्याखाली लाल रेघ मारायचे. ‘१००० ग्रॅम’ लिहिलं तरी समासात प्रश्न असायचाच : कशाचे? उत्तर बरोबर आलं असलं तरी मधल्या ओळी नसतील तर वही परत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तेव्हा मला शाळेतलं हेच सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं, कारण मोल ही संकल्पना मला या ओळींमधूनच कळली.

मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, हे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्या वेळी व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून करायचे. २०१९ पासून ती थेट या संख्येवरूनच केली जाते. पण व्याख्या पाठ असून गणित सुटत नाही. गुणायचं की भागायचं, इथेच गाडी अडायची.

सरांनी ते आमच्याच भागातल्या एका कामावर शिकवलं. वर्गात तासगाव, कवठेमहांकाळकडची निम्मी मुलं द्राक्षबागायतदारांची होती. द्राक्षावर केवडा रोग आला की घरोघरी बोर्डो मिश्रणाची फवारणी व्हायची. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे मिश्रण पुढे आणलं, तेही द्राक्षावरच्या केवड्यासाठीच. एक टक्का मिश्रणाचं माप आम्हाला तोंडपाठ : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. सरांनी विचारलं, “एक किलो मोरचुदाला खरोखर किती चुना लागतो?”

फळ्यावर समीकरण आलं :

CuSO4 + Ca(OH)2 → Cu(OH)2 + CaSO4

मग पहिली ओळ. मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणी बांधलेलं असतं, CuSO4·5H2O, म्हणून त्याच्या एका मोलचं वस्तुमान २४९.७ ग्रॅम.

१००० ग्रॅम मोरचूद × (१ मोल मोरचूद ÷ २४९.७ ग्रॅम मोरचूद) = ४.० मोल मोरचूद

सरांनी वरचा ‘ग्रॅम मोरचूद’ आणि खालचा ‘ग्रॅम मोरचूद’ लाल खडूने खोडला. उरला ‘मोल मोरचूद’. अपूर्णांक उलटा धरला तर काय होतं, तेही त्यांनी मुद्दाम करून दाखवलं. १००० ला २४९.७ ने गुणलं, एकही एकक खोडलं गेलं नाही, आणि शेवटी उरला ग्रॅमचा वर्ग भागिले मोल. “हा ग्रॅमचा वर्ग कोणत्या तराजूत तोलायचा?” एवढंच सर म्हणाले. गुणायचं की भागायचं हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी मिटला. ते आठवणीत ठेवावं लागत नाही, एककंच सांगतात.

प्रत्येक अपूर्णांक म्हणजे एसटीचं तिकीट, असं सर सांगायचे. तासगाव ते सांगली, मग सांगली ते मिरज. पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू झालं पाहिजे. दुसरी ओळ ‘मोल मोरचूद’पासूनच निघणार :

४.० मोल मोरचूद × (१ मोल चुना ÷ १ मोल मोरचूद) = ४.० मोल चुना

एका पदार्थावरून दुसऱ्यावर जायची परवानगी फक्त याच ओळीत आहे, आणि ती समीकरणातल्या सहगुणकांवरून मिळते. मोरचुदाच्या ग्रॅमवरून चुन्याच्या ग्रॅमवर थेट गाडी नाही. तिसऱ्या ओळीत चुना कोणता हे सांगावं लागलं. कळीचा चुना म्हणजे CaO, मोलला ५६.१ ग्रॅम, पाण्यात विरवला की त्याच्या एका मोलचा एकच मोल Ca(OH)2 होतो, मोलला ७४.१ ग्रॅम. आम्ही घरी कळी तोलत असू, म्हणून :

४.० मोल कळी × (५६.१ ग्रॅम कळी ÷ १ मोल कळी) = सुमारे २२५ ग्रॅम कळी

वर्गात कुजबुज सुरू झाली. घरी तर किलोभर पडत होता!

पदार्थाचं नाव लिहायचा आग्रह कशासाठी, हे सरांनी त्याच तासाला दाखवलं. एका मुलाने २४९.७ ऐवजी १५९.६ घेतले होते, म्हणजे पाणी वगळून. त्याच्या वहीत सगळे ग्रॅम, सगळे मोल नीट खोडले गेले होते, तरी उत्तर ३५१ ग्रॅम आलं. सरांनी त्याच्याकडून नाव लिहून घेतलं : वर ‘ग्रॅम मोरचूद’, खाली ‘ग्रॅम निर्जल कॉपर सल्फेट’. आता ते खोडले जाईनात. पोत्यात निळे खडे आहेत, पांढरी निर्जल पूड नाही, हे ग्रॅमला कळत नाही, नावाला कळतं.

पण सरांची खरी थोरवी मला पुढच्या तासाला जाणवली. ही पद्धत कुठे थांबते, हेही त्यांनी लपवलं नाही. बोर्डो मिश्रणात जो निळा साका धरतो तो निव्वळ कॉपर हायड्रॉक्साइड नसतो, त्यात सल्फेटही अडकलेलं असतं. असा भस्मी साका पूर्ण बनला असं धरलं तर चार मोल मोरचुदाला तीन मोल चुना पुरतो आणि उत्तर येतं सुमारे १६९ ग्रॅम. एककं दोन्ही वेळा तितकीच चोख खोडली जातात. कोणतं समीकरण खरं, ते एककं सांगत नाहीत. त्यासाठी बादलीत बघावं लागतं.

बादलीत बघायचं कसं, ते बागायतदारांना आधीपासून ठाऊक होतं. विळ्याचं घासलेलं पातं किंवा लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे : लोखंड द्रावणात जातं आणि तांबं बाहेर पडतं. असं मिश्रण पानं जाळतं, म्हणून आणखी चुना घालायचा. मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत, तेही याचसाठी.

मग घरी एवढा जादा चुना का? आमच्या आबांनी मला त्याचं उत्तर दुकानातली कळी दाखवून दिलं. वरची जुनी कळी हातात भुगा होत होती आणि पाण्यात टाकल्यावर तापतच नव्हती. तिने हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषला होता. काही भाग पुन्हा चुनखडी झाला होता, आणि चुनखडी या कामाला लगेच उपयोगी पडत नाही. शिवाय मिश्रण थोडं अल्कधर्मी राहिलेलं बरं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या वहीत आणखी एक ओळ वाढवायला लावली. समजा, कळी ७० टक्के शुद्ध आहे :

२२५ ग्रॅम शुद्ध कळी × (१०० ग्रॅम दुकानची कळी ÷ ७० ग्रॅम शुद्ध कळी) = सुमारे ३२१ ग्रॅम दुकानची कळी

‘शुद्ध कळी’ आणि ‘दुकानची कळी’ ही दोन वेगळी नावं आहेत, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत, हे सांगताना सरांचा चेहरा खुलला होता. आबांनी त्या हंगामात दुकानातून ताजी, टणक कळी निवडून आणली, पाव किलोपासून सुरुवात केली आणि खिळा तांबूस होईनासा होईपर्यंत थोडं थोडं चुन्याचं दूध वाढवलं. किलोभर काही लागला नाही.

आज मी औषधं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या नोंदवहीतही माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी एकक असतं आणि एककाशेजारी नाव असतं. नव्याने आलेली मुलं विचारतात, मॅडम, एवढं का लिहायचं? मी त्यांना मोरचुदाचं गणित घालते आणि निर्जल की सजल, ते मुद्दाम सांगत नाही.