सोसायटीची तक्रार-लिंक आणि एका `&` मुळे गेलेला अर्धा मजकूर

आमच्या सोसायटीची एक छोटीशी वेबसाइट आहे, ती मी सांभाळते. मागच्या पावसाळ्याआधी कमिटीत ठरलं की तक्रारी व्हॉट्सअॅपवर नकोत, मेलवर याव्यात, म्हणजे नोंद राहील. पण रहिवाशांना कोरा मेल लिहायला सांगितलं की कोणी फ्लॅट नंबर टाकत नाही, तर कोणी विषयच लिहीत नाही. म्हणून मी प्रत्येक प्रकारच्या तक्रारीसाठी एकेक लिंक करायची ठरवली. लिंकवर बोट टेकवलं की मेलचा मसुदा उघडेल आणि त्यात विषय आणि रकाने आधीच भरलेले असतील. फॉर्म, सर्व्हर, डेटाबेस असं काही लागणार नाही, नुसती `mailto:` लिंक पुरेल.

पाणी आणि ड्रेनेजची लिंक मी पहिल्यांदा अशी लिहिली होती:

```html
<a href="mailto:society@example.org?subject=पाणी & ड्रेनेज&body=ठिकाण (टाकी #1, टाकी #2, गच्ची):
फ्लॅट:
तक्रार:">तक्रार पाठवा</a>
```

पत्त्यानंतर प्रश्नचिन्ह, मग `subject=`, मग `&` आणि `body=`. रचना बरोबर होती. फोनवर लिंक दाबली, मसुदा उघडला, विषयात "पाणी" दिसलं, मी समाधानाने फोन ठेवला. तिथेच चुकले. विषयात "पाणी & ड्रेनेज" यायला हवं होतं, आणि खाली मजकुरात काय आलंय हे मी नीट वाचलंच नाही.

साधारण तीन आठवड्यांनी सेक्रेटरी काकांचा फोन आला. "अगं, सगळ्यांचे मेल नुसते 'पाणी' म्हणून येतायत. ड्रेनेजची तक्रार कुठली आणि पाण्याची कुठली, कळतच नाही. आणि ते फ्लॅटचे रकाने तू टाकणार होतीस ना?"

"टाकलेत की, काका."

"मग मला एकाही मेलमध्ये दिसत कसे नाहीत?"

त्यांनी एक मेल माझ्याकडे पुढे पाठवला. मजकुरात फक्त "ठिकाण (टाकी" एवढंच होतं आणि त्याखाली पाठवणाऱ्याने आपल्या मनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. अर्धवट भरलेला मेल लोकांना बिघडलेला वाटतच नाही. त्यांना वाटतं मसुदा असाच असतो, म्हणून त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे तीन आठवडे मला काही कळलं नाही.

आता कारण. लिंकमध्ये काही चिन्हांना स्वतःचं काम असतं. `?` च्या पुढे रकाने सुरू होतात, `&` दोन रकान्यांमधली भिंत असते आणि `=` रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर वेगळे करतो. माझ्या विषयातला `&` मेल अॅपने भिंत समजला. म्हणून विषय "पाणी" वर संपला आणि " ड्रेनेज" नावाचा एक रकाना तयार झाला. तो कोणाला माहीत नाही, म्हणून अॅपने तो सोडून दिला. `#` चं काम आणखी वेगळं आहे. त्याच्यापुढचं सगळं लिंकचा शेवटचा वेगळा तुकडा मानलं जातं, आणि मेलच्या मजकुरात ते येत नाही. "टाकी #1" मधल्या `#` ने माझे सगळे रकाने एका फटक्यात कापून टाकले होते.

तिसरी चूक मला `#` काढून पाहिल्यावर सापडली. मी `href` च्या आत एंटर मारून ओळी पाडल्या होत्या. ब्राउझर लिंक वाचताना त्यातले एंटर आणि टॅब काढून टाकतो, त्यामुळे मसुद्यात "गच्ची):फ्लॅट:तक्रार:" असं सलग एकाला एक चिकटून आलं.

मराठी अक्षरांचा मात्र यात काही दोष नव्हता, हे मला नंतर कळलं. लिंकमध्ये देवनागरी उघडी लिहिली तरी ब्राउझर ती स्वतःच `%` ने सुरू होणाऱ्या संकेतांत बदलतो. `&` आणि `#` तो बदलत नाही, कारण ती चिन्हं मजकुराची आहेत की रचनेची, हे त्याला समजायचा मार्ग नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं. मजकुरातला `&` हा `%26` लिहायचा, `#` हा `%23`, टक्का `%25` आणि रिकामी जागा `%20`. नवी ओळ हवी तिथे `%0D%0A`. `mailto` चं सध्याचं मानक म्हणजे 2010 चं RFC 6068, त्यात ओळीसाठी नेमकी हीच जोडी सांगितली आहे.

हाताने हे सगळं लिहिणं म्हणजे पुन्हा चूक होणार, आणि आमच्याकडे तक्रारींचे सात प्रकार. म्हणून मी जावास्क्रिप्टमधून लिंक बनवायला घेतल्या. पहिल्यांदा `URLSearchParams` वापरलं, कारण नेहमीच्या वेब-पत्त्यांसाठी मी तेच वापरते. या वेळी मसुदा नीट वाचला. विषयात "पाणी+&+ड्रेनेज" आलं होतं! `&` सुखरूप होता, पण प्रत्येक रिकाम्या जागी अधिकचं चिन्ह. ते साधन वेब-फॉर्मच्या रीतीने चालतं आणि तिथे रिकाम्या जागेला `+` लिहितात. मेल अॅपला ही रीत लागू नाही. त्याच्या दृष्टीने `+` म्हणजे `+`.

शेवटी `encodeURIComponent` वर आले. हे प्रत्येक रकान्याच्या मजकुराला वेगवेगळं लावायचं. पूर्ण लिंकला एकदम लावलं तर `?` आणि मधला `&` सुद्धा बदलतात आणि लिंक कामातून जाते. याचं भावंड `encodeURI` इथे उपयोगाचं नाही, कारण ते `&` आणि `#` ला हातच लावत नाही.

```js
const subject = "पाणी & ड्रेनेज";
const body = "ठिकाण (टाकी #1, टाकी #2, गच्ची):\r\nफ्लॅट:\r\nतक्रार:";
link.href = "mailto:society@example.org"
  + "?subject=" + encodeURIComponent(subject)
  + "&body=" + encodeURIComponent(body);
```

`\r\n` मुद्दाम लिहिलंय. नुसतं `\n` दिलं तर `%0A` एवढंच तयार होतं. बऱ्याच अॅपना ते चालतं, पण मानकात जोडी आहे तर जोडीच द्यावी.

मध्ये एक अर्धा तास आणखी गेला, तोही सांगते. HTML मध्ये हाताने लिंक लिहिताना दोन रकान्यांमधला `&` हा `&amp;` असा लिहायचा, हे मला माहीत होतं आणि ते बरोबरच आहे. ब्राउझर पान वाचताना त्याचा परत `&` करतो. पण वरच्या कोडमध्ये मी सवयीने `"&amp;body="` लिहिलं. तिथे मजकूर HTML म्हणून वाचलाच जात नाही, थेट `href` मध्ये बसतो. त्यामुळे रकान्याचं नाव `amp;body` झालं आणि मसुद्यात विषय नीट, खाली मात्र कोरं. विषय येतोय आणि मजकूर पूर्ण गायब आहे असं दिसलं की मी आता आधी हेच तपासते.

सगळं जमलं असं वाटत असताना काकांनी सुचवलं, "त्यात सूचनाही टाक ना. तक्रार कधी सोडवली जाईल, प्लंबर कधी येतो, कोणाला फोन करायचा." मी टाकलं. मोठे दोन परिच्छेद झाले. माझ्या फोनवर उत्तम चाललं. काकांच्या विंडोजच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिंक दाबली तर काहीच झालं नाही. ना मसुदा, ना चूक दाखवणारी खिडकी.

लिंकची लांबी मोजली तेव्हा उलगडा झाला. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह UTF-8 मध्ये तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट लिंकमध्ये `%E0` सारख्या तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजायचे. "पाणी" हा शब्द लिंकमध्ये असा दिसतो:

```
%E0%A4%AA%E0%A4%BE%E0%A4%A3%E0%A5%80
```

चार चिन्हं, छत्तीस अक्षरं. माझी लिंक चार हजारांच्या आसपास गेली होती. विंडोजवर ब्राउझरकडून मेल प्रोग्रॅमकडे जाताना साधारण दोन हजारांच्या पुढची लिंक भरवशाची राहत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण क्वचितच येत असेल, मराठीत ती दोन परिच्छेदांत येते. मी सूचना मसुद्यातून काढून वेबसाइटवर लिंकच्या वरच छापल्या आणि मजकुरात फक्त रकाने ठेवले. लांबी सातशेच्या आत आली आणि काकांच्या कॉम्प्युटरवरही मसुदा उघडला.

काकांना रकान्यांची नावं ठळक हवी होती, पण ते करता आलं नाही. `body` म्हणजे साधा मजकूर. त्यात `<b>` टाकलं तर ते तसंच्या तसं मसुद्यात दिसतं. फोटो आधीच जोडून देण्याचीही सोय त्या मानकात नाही. म्हणून मजकुराच्या शेवटी "गळतीचा फोटो जोडा" एवढी ओळ ठेवली.

आता नवी लिंक केली की मी मसुदा शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, आणि चाचणीसाठी विषयात मुद्दाम `& # % + ?` ही पाचही चिन्हं टाकून बघते. मधेच तुटलं तर कुठलं तरी चिन्ह उघडं राहिलंय. रिकाम्या जागी `+` दिसला तर फॉर्मची रीत लागली आहे. मसुद्यात `%20` अक्षरशः छापून आलं तर मजकूर दोनदा बदलला गेलाय, म्हणजे `%` चाच `%25` झालाय. काही ठिकाणी लिंक दाबूनही काहीच होत नाही, कारण त्या कॉम्प्युटरवर मेलचं अॅपच नेमलेलं नसतं. ते कोडने सुटत नाही. म्हणून प्रत्येक लिंकशेजारी सोसायटीचा मेल पत्ता साध्या अक्षरांत छापलाय, कॉपी करता येईल असा.

गेल्या आठवड्यात 402 मधल्या काकूंचा मेल आला. विषय "पाणी & ड्रेनेज", ठिकाण टाकी #2, फ्लॅट 402, खाली तीन ओळींत तक्रार आणि गळतीचा फोटो. काकांनी तो तसाच प्लंबरला पाठवला, कोणाला फोन करून काही विचारावं लागलं नाही.