अखंड दिव्याची वात: जाडी, तेल-तूप आणि काजळी

घटस्थापनेच्या आधी अखंड दिव्याची वात नक्की करायची आहे, म्हणून सध्या पितळी समईच्या एकाच तोंडात वाती आणि तेलं बदलून पाहतोय. आतापर्यंत जे दिसलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय: काजळी आधी वातीवर ठरते, तेल-तुपाचा नंबर नंतर.

वातीची जाडी डोळ्यांनी ठरवता येत नाही. मी वात पेन्सिलीला शेजारी शेजारी दहा वेढे देऊन गुंडाळतो, वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजतो आणि दहाने भागतो. देवकापसाची हाताने वळलेली माझी वात साधारण 2 मिमी भरते. बाजारातल्या जाड वाती 4 मिमीच्या आसपास येतात. काजळी तपासायला पांढरी चिनी मातीची बशी ज्योतीच्या वीतभर वर दोन मिनिटं धरतो. बशी ज्योतीला टेकता कामा नये. टेकली, तर ज्योत गार पडते, हवा कोंडते आणि कुठल्याही दिव्याची काजळी धरते. घरोघरी साजूक तुपाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ पाडायचे ते याच युक्तीने. म्हणजे तुपाच्या दिव्याला काजळी येतच नाही, हे काही खरं नाही.

तरी निरांजनात काजळी दिसत नाही ती का? हे पाहायला मी अदलाबदल केली. 4 मिमीची लांब वात पातळ केलेल्या साजूक तुपात लावली आणि तिचं टोक सेंटीमीटरभर बाहेर काढलं. ज्योत उंच झाली, शेंडा लालसर होऊन थरथरू लागला आणि बशीवर करडा डाग उमटला. मग तिळाच्या तेलात फुलवात लावली. छोटी, पिवळी, स्थिर ज्योत, बशी स्वच्छ. तुपाला जे श्रेय मिळतं त्यातलं बरंच फुलवातीच्या बारीक टोकाचं आहे. वात जाड असली किंवा टोक जास्त बाहेर असलं की तेल भराभर वर येतं, तेवढी हवा ज्योतीला मिळत नाही आणि न जळलेला कार्बन शेंड्यातून निसटतो. त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या वातीत मात्र तूप तेलापेक्षा जरा स्वच्छ जळतं, हेही खरं.

सध्याची माझी जुळणी अशी: 2 मिमीची वात, मध्यम पीळ, टोक 4 ते 5 मिमी बाहेर, तिळाचं गाळीव तेल. ज्योत अडीच सेंटीमीटरच्या आत राहते. पीळ फार घट्ट दिला तर तेल चढत नाही आणि टोक कोळसून जातं. सैल ठेवला तर धागे सुटतात आणि ज्योत फाकते. जोडवात लावणाऱ्यांनी दोन्ही वाती मिळून जाडी धरावी. माझ्या जोडीत प्रत्येक वात जेमतेम दीड मिमीची आहे, आणि तरीही टोक 3 मिमीवर आणावं लागलं.

दिवा रात्रभर टिकायला तेलाची पातळी फार महत्त्वाची. पातळी खाली गेली की तेलाला जास्त चढावं लागतं आणि ज्योत हळूहळू बारीक होते. एरंडेल इतकं दाट की ते नुसतं घातलं तर ज्योत पहिल्यापासूनच मिणमिणती राहते. म्हणून ते मी वापरलं तर तिळाच्या तेलात थोडंसं मिसळूनच. सूर्यफूल आणि करडईच्या तेलाने सुरुवात छान होते, पण काही दिवसांत समईच्या कडेला चिकट थर बसतो आणि तोच वातीतही बसून तेल अडवतो. घाण्याचं न गाळलेलं तेल घेतलं तर वातीच्या टोकावर काळा गड्डा लवकर धरतो. तो चिमट्याने अलगद काढायचा. नाहीतर ज्योत त्याच्या दोन्ही बाजूंनी धुरकट जळते.

तुपाचा अखंड दिवा लावायचा असेल तर तूप नीट कढवलेलं आणि बेरी गाळलेलं हवं. पाण्याचा अंश राहिला तर वात तडतडते, बेरी राहिली तर वात तुंबते. पावसाळ्यात दमट झालेल्या वातीही तडतडतात, म्हणून लावण्याआधी त्यांना उन्हात चांगलं वाळवून घ्या. पहाटेच्या गारव्यात समईच्या कडेचं तूप थिजतं आणि ज्योत खाली बसते. त्यावर मी तूप वाटीत कोमट करून थोडं थोडं घालतो, किंवा तीन भाग तूप आणि एक भाग तिळाचं तेल असं मिश्रण भरतो. मिश्रण इतकं थिजत नाही आणि ज्योतीतही फरक पडत नाही.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर समई ठेवून पाहिलं, तर एका वातीला तासाला चार-पाच ग्रॅम तेल लागतंय. म्हणजे दिवसरात्र मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम. आमच्या समईत तेवढं मावत नाही, त्यामुळे झोपण्यापूर्वी आणि पहाटे अशी दोनदा भर घालावीच लागेल. आता काचेची चिमणी ठेवून पाहायची आहे. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत कलंडली की चांगल्या वातीलाही धूर येतो, आणि देवघराशेजारच्या भिंतीवरचा काळपटपणा बहुतेक त्याचाच आहे.